एक डबा, दोन कप

डिसेंबरातलं नाशिक म्हंजे संध्याकाळी सातनंतर खिडक्या लावूनच बसावं लागतं. त्या थंडीत आमच्याकडे रात्री साडेनऊला एक ठरलेला कार्यक्रम सुरू झाला होता. अण्णा, म्हणजे माझे सासरे, आणि माझा मुलगा ओम, दोघंही ओट्याजवळ उभे, आणि मी दोन मगात हॉट चॉकलेट करून देतेय. अण्णांचं वय ७१, बीपीची गोळी बारा वर्षं चालू. ओम सात वर्षांचा, वजन बावीस किलो. अण्णांना कुणीतरी ग्रूपवर मेसेज पाठवला होता की कोकोमधल्या फ्लॅव्हनॉल्स नावाच्या पदार्थांमुळे रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, आणि आजोबा पितायत म्हटल्यावर नातवाला नको कसं म्हणणार, शिवाय "अगं दूधच जातंय ना पोटात" हे आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, म्हणणं होतंच.

मी फूड टेक्नॉलॉजी शिकवते. त्याआधी सहा वर्षं एका मिठाई-चॉकलेटच्या कारखान्यात लॅबमध्ये होते, रोज कोको पावडरचा पीएच काढणं, रंग बघणं, बारीकपणा तपासणं हेच काम. तरी तीन आठवडे मी तो डबा उघडत होते, चमचे भरत होते आणि मागचं लेबल वाचलं नव्हतं, हे मला आजही बोचतं. वाचलं ते ओमच्या दातांमुळे. तपासणीला नेलं तर डॉक्टर मॅडमनी दाढेवरचे दोन पांढरट डाग दाखवले, कीड लागायच्या आधीचे, आणि पहिला प्रश्न विचारला, "झोपायच्या आधी काय पितो हा?"

त्या रात्री मी वजनकाटा काढला. रोज जेवढं टाकते तेवढंच टाकायचं ठरवलं, दोन मोठे चमचे, शीग लावून. भरले चोवीस ग्रॅम. डब्यावर लिहिलेलं शंभर ग्रॅममागे सत्तर ग्रॅम साखर. म्हणजे जवळपास सतरा ग्रॅम साखर पावडरमधूनच गेली, आणि वरून मी एक चमचा घालत होते कारण ओमला "गोड लागत नाही", तो पाच ग्रॅमचा. झाले बावीस. आता जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५ चं म्हणणं असं आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, आणि पाच टक्क्यांच्या आत असेल तर आणखी बरं. आपल्याकडच्या आयसीएमआरच्या तक्त्यात सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी धरल्यात, त्याचे पाच टक्के ८५ कॅलरी, म्हणजे एकवीस ग्रॅम साखर. ओमचा अख्ख्या दिवसाचा कोटा मी रात्री साडेनऊला एका मगात संपवत होते, आणि सकाळची बिस्किटं, जॅम, संध्याकाळचा चहा हे सगळं त्याच्यावर वेगळं. दुधातली स्वतःची साखर यात धरत नाहीत, ती वेगळी गोष्ट आहे.

मग अण्णांच्या मगात काय होतं? तेच तर. तोच डबा.

इथे मला कोकोबद्दल जरा सविस्तर सांगायचंय, कारण त्या मेसेजमधलं मूळ वाक्य खोटं नाहीये. कोकोच्या बीमध्ये एपिकॅटेचिन नावाचा पदार्थ असतो, फ्लॅव्हनॉल कुटुंबातला. आपल्या रक्तवाहिनीच्या आतून पेशींचं एकच पातळ अस्तर असतं, ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं आणि त्याच्या इशाऱ्यावर वाहिनीचा स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते. हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो हे शोधणाऱ्यांना १९९८ चं नोबेल मिळालं. एपिकॅटेचिन पोटात गेल्यावर हे अस्तर तो वायू जास्त चांगला तयार करतं, आणि हे मोजताही येतं: हाताला बीपीसारखा पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं, आणि दंडातली धमनी किती टक्के फुलते ते सोनोग्राफीवर बघायचं. चांगला कोको घेतल्यावर एक-दोन तासांत हे फुलणं वाढलेलं दिसतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ साली हे तपासून मान्य केलं, की दिवसाला २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल्स घेतले तर रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकायला मदत होते. नीट बघा, टिकायला. बीपी उतरतं असं त्यात कुठेही नाही.

या सगळ्याची सुरुवात पनामाजवळच्या सॅन ब्लास बेटांवरून झाली. तिथल्या कुना लोकांमध्ये वय वाढलं तरी बीपी वाढत नाही असं नॉर्मन हॉलेनबर्ग या अमेरिकन डॉक्टरांना दिसलं, आणि तेच लोक पनामा सिटीत राहायला गेले की त्यांचं बीपी इतरांसारखंच वाढायला लागायचं, म्हणजे रक्तात काही जन्मजात वेगळं नव्हतं. बेटावर ही मंडळी कोकोचं पेय भरपूर प्यायची. अर्थात बेटावर मासे वेगळे, चालणं वेगळं, ताण वेगळा, त्यामुळे सगळं श्रेय कोकोला देता येत नाही, पण संशोधकांना धागा तिथून मिळाला. नंतर अमेरिकेत २१,००० हून जास्त ज्येष्ठ लोकांवर कॉसमॉस नावाची मोठी चाचणी झाली, निकाल २०२२ मध्ये आले. रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल्सच्या कॅप्सूल, साडेतीन वर्षांच्या वर. हृदयविकाराच्या एकूण घटना दहा टक्के कमी दिसल्या, पण तेवढा फरक योगायोगानेही येऊ शकतो असं गणित सांगतं. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्के कमी, तोही मुख्य प्रश्न नव्हता, दुय्यम होता. कोकोच्या कॅप्सूल आणि बराचसा पैसा मार्स या चॉकलेट कंपनीकडून आला होता, आणि या विषयातल्या पुष्कळ अभ्यासांचं असंच आहे. म्हणून ते खोटे ठरत नाहीत, पण वाचताना हे डोक्यात ठेवावं.

आता बीपीचं. २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने ३५ चाचण्या एकत्र करून पाहिलं, सरासरी ६७० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल्स रोज, आणि बीपी उतरलं पावणेदोन पॉइंट. ज्यांचं आधीच वाढलेलं होतं त्यांच्यात वरचा आकडा साधारण चार. अण्णांचं १४८ असेल तर १४४. म्हणून मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "अण्णा, गोळी सोडायचा विचारसुद्धा करू नका हं." ते म्हणाले, "नाही गं, मी कुठं सोडतोय." पण त्यांच्या मनात होतं, हे आईंनी मला नंतर सांगितलं.

बरं, मग आमच्या डब्यातून त्यांना किती फ्लॅव्हनॉल मिळत होतं? इथे लॅबची सवय कामी आली. लेबलवर घटकांमध्ये ॲसिडिटी रेग्युलेटर म्हणून ५०१ आणि ५०० असे नंबर होते. हे पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार, खायच्या सोड्याच्या जातकुळीतले. १८२८ च्या आसपास व्हॅन हाउटेन या डच कुटुंबाने कोकोमधलं तेल दाबून काढायचं आणि उरलेल्या पावडरवर क्षाराची प्रक्रिया करायचं तंत्र आणलं, म्हणून त्याला डच प्रोसेस म्हणतात. त्याने पावडरचा आंबटपणा आणि तुरटपणा जातो, रंग गडद होतो, दुधात चांगली मिसळते. आपल्याला गडद तपकिरी रंग बघून "किती स्ट्राँग आहे" वाटतं ना, तो पुष्कळदा क्षाराचा रंग असतो. आणि ज्या तुरटपणाला घालवलं तो तुरटपणा म्हणजेच बऱ्याच अंशी फ्लॅव्हनॉल्स.

२००८ साली बाजारातल्या पावडरी घेऊन हे मोजलं गेलं. प्रक्रिया न केलेल्या कोकोच्या एका ग्रॅममध्ये सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल्स, हलकी प्रक्रिया केलेल्यात १३.८, मध्यममध्ये ७.८ आणि जोरदार प्रक्रिया केलेल्यात ३.९. मी आमच्या डब्यातली पावडर कॉलेजच्या लॅबमध्ये नेऊन डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून पीएच काढला, आला ७.४. नैसर्गिक कोकोचा साडेपाचच्या आसपास येतो, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. त्या गटांच्या पीएचशी ताडून बघितलं तर आमची मध्यम गटातली. चोवीस ग्रॅम पावडरीत कोको होता फक्त सहा ग्रॅम, बाकी जवळपास सगळी साखर. सहा गुणिले ७.८, झाले ४७ मिलिग्रॅम. दोनशे पाहिजेत तिथे सत्तेचाळीस, आणि त्यासोबत सतरा ग्रॅम साखर, ती पण ज्यांची शुगर गेल्या वर्षीच सीमारेषेवर आलीय अशा माणसाला! हेच सहा ग्रॅम साध्या, क्षार न लावलेल्या कोकोचे असते तर दोनशेच्या थोडे वरच गेले असते. हे सगळं सरासरीचं गणित आहे, झाड, बी आंबवायची पद्धत, भाजणं यावर आकडा पुष्कळ हलतो, आणि डब्यावर फ्लॅव्हनॉलचा आकडा सहसा नसतोच. पण दिशा कळायला एवढं पुरतं.

घरी लॅब नसताना ओळखायचं कसं, तर घटकांच्या यादीत ५०० किंवा ५०१ नंबर दिसतोय का ते बघायचं, किंवा "अल्कलाइज्ड" लिहिलंय का. रंग लालसर फिकट, वास थोडा फळासारखा आंबट, जिभेवर ठेवली की जीभ आखडते, ती नैसर्गिक. आणखी एक सोपं: गरम पाण्यात अर्धा चमचा पावडर कालवून दोन वाट्यांत वाटायची, एका वाटीत चिमूटभर खायचा सोडा टाकायचा. नैसर्गिक असेल तर किंचित फेस येतो आणि रंग बघता बघता गडद होतो. आधीच क्षार लावलेली असेल तर विशेष काही होत नाही. ओमला हा प्रयोग इतका आवडला की त्याने चार वेळा केला.

आता त्याच्या कपाकडे येते. सात वर्षांच्या निरोगी मुलाच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर मुळात लवचिक असतं, आणि मी वर सांगितलेल्या चाचण्या मोठ्या माणसांवरच्या आहेत, कॉसमॉसमधली तर सगळी ज्येष्ठ मंडळी. युरोपचं ते वाक्यही प्रौढांसाठी आहे. त्यामुळे "रक्तवाहिन्यांसाठी" म्हणून मुलाला कोको द्यायला मला तरी काही आधार सापडत नाही. त्याला आवडतं म्हणून द्यायचं असेल तर द्यावं, पण मग औषध म्हणून नाही, खाऊ म्हणून मोजावं.

कॅफिनची भीती मात्र आमच्याकडे गरजेपेक्षा जास्त होती. ननंदेचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, रात्री कोको देता? त्यात कॅफिन असतं, म्हणून झोपत नसेल तो." असतं, पण किती? कोको पावडरच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण २३० मिलिग्रॅम, म्हणजे सहा ग्रॅममध्ये चौदा. कॅनडाच्या आरोग्य खात्याची मुलांसाठीची मर्यादा किलोमागे अडीच मिलिग्रॅम आहे, ओमला दिवसाला पंचावन्न. चौदा त्यात सहज बसतं. पण मग मी आमची संध्याकाळ पूर्ण मांडून बघितली. साडेपाचला शाळेतून आला की आईंच्या हातचा चहा-खारी, कप छोटा पण चहा उकळून काढलेला, त्यात वीस-तीस मिलिग्रॅम सहज असेल. रविवारी बाहेर जेवायला गेलो की कोलाचा एक कॅन, त्यात तीसच्या वर. त्यावर रात्रीचा कोको. कॅफिन शरीरातून अर्धं व्हायला साधारण पाचेक तास लागतात, तेव्हा साडेपाचचा चहा साडेदहाला अर्धा शिल्लक असतो आणि त्यात नवे चौदा पडतात. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं, तेच झोपेची गुंगी आणतं, कॅफिन नेमकं त्याच्या जागा अडवून बसतं. शिवाय कोकोमध्ये थिओब्रोमिन असतं, सहा ग्रॅममध्ये सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास, ते कॅफिनपेक्षा खूपच सौम्य पण शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. तर एकट्या कोकोला दोष नाही, पण चहा, कोला, कोको ही साखळी दोष देण्यासारखी आहे, आणि आमच्या घरात ती साखळी कुणालाच दिसत नव्हती कारण चहा आई देत होत्या, कोला ओमचे बाबा आणि कोको मी.

साखरेने मुलं उड्या मारतात हे आईंचं ठाम मत, माझ्या आईचंही. १९९५ मध्ये तेवीस चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, मुलांना साखर दिलीय की गोडवा आणणारं दुसरं काही हे त्यांना किंवा आईवडिलांना माहीत नसताना, आणि वागण्यात फरक सापडला नाही. मी आईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना पटलं नाही, आणि मी वाद घातला नाही, कारण साखर कमी करायचं कारण दुसरंच होतं: दात. झोपेत लाळ कमी सुटते. दिवसा लाळ सतत तोंड धुवत असते, आम्ल उदासीन करत असते. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात, पीएच साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या कवचातलं कॅल्शियम सुटायला लागतं. ओम साडेनऊला पिऊन, कुल्लासुद्धा न करता, दहाला झोपत होता. ब्रश आधी झालेला असायचा, साडेआठला, जेवण झाल्या झाल्या. वेळेचा क्रमच उलटा होता.

अजून एक गोष्ट, जी मला आपल्याकडच्या मुलांसाठी महत्त्वाची वाटते. कोकोमधले हेच तुरट पदार्थ भाजी-डाळीतलं लोह पोटात नीट शोषू देत नाहीत, चहासारखंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या भारतीय मुलांमध्ये ६७ टक्क्यांना रक्तक्षय होता. ज्या घरात रक्तातलं लोह पालक-नाचणी-डाळीवर अवलंबून आहे तिथे जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच कोको नको, दीड-दोन तासांचं अंतर हवं.

आम्ही केलं ते असं. अण्णांचा कप रात्रीवरून दुपारी चारला आणला, कारण त्यांना रात्री घशाशी आंबट यायचं, आणि कोको अन्ननलिकेच्या खालचं दार सैल करतो, झोपायच्या आधी तर नकोच. सहा ग्रॅम साधी कोको पावडर, म्हणजे आमच्या चमच्याने दोन सपाट छोटे चमचे आणि वर थोडी. ही पावडर दुधावर तरंगते, गुठळ्या होतात, म्हणून आधी दोन चमचे गरम पाण्यात घोटून पेस्ट करायची, मग पाऊण कप दूध, उकळी न आणता मंद तापवायचं, वेलची. साखर नाही. पहिले चार दिवस तोंड वाकडं केलं त्यांनी. दुधाने फ्लॅव्हनॉल्स शोषले जात नाहीत असं एक जुनं संशोधन आहे, पण नंतरच्या अभ्यासांत ते तसं ठामपणे दिसलं नाही, म्हणून दूध ठेवलं. केळं मात्र काढलं. अण्णा कधीकधी केळं घालून शेक करायचे आणि २०२३ मध्ये एक अभ्यास आला, केळ्याच्या स्मूदीतून फ्लॅव्हनॉल्स घेतले तर ते रक्तात ८४ टक्के कमी पोचले, कॅप्सूलच्या तुलनेत. कापलेलं केळं ज्या एन्झाइममुळे काळं पडतं तेच एन्झाइम फ्लॅव्हनॉल्स मोडतं. केळं ते आता सकाळी खातात.

ओमचा कप संध्याकाळी सहाला आणला, चहाच्या जागी, चहाच्या जोडीला नाही. एक सपाट छोटा चमचा कोको, दोन-अडीच ग्रॅम, कॅफिन पाच मिलिग्रॅमच्या आसपास. साखर एकदम बंद केली असती तर त्याने दूधच सोडलं असतं, म्हणून पहिल्या आठवड्यात तीन चमचे, मग अडीच, मग दोन, असं करत महिन्याभरात एका चमच्यावर आलो, आणि मधला उतार त्याला कळला नाही. आई म्हणाल्या, "मग गूळ घाल ना, गूळ चांगला." गुळात थोडं लोह असतं हे खरं, पण दाताला आणि त्या एकवीस ग्रॅमच्या हिशोबाला गूळ, मध, काकवी सगळं साखरच. आईंना हे सांगताना मला जरा जड गेलं, त्या लहानपणापासून गुळाच्या चहावर वाढल्यात. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी गुळाचा डबा परत वरच्या फळीवर गेलेला दिसला.

रात्री आता तो जेवणानंतर तासाभराने साधं कोमट दूध घेतो, कधी हळद घालून, आणि ब्रश त्यानंतर. साडेनऊला ओट्याजवळ येऊन उभा राहायची सवय मात्र गेली नाहीये दोघांची. अण्णा उभे राहतात, ओम उभा राहतो, मी दूध तापवते, आणि दोघं दिवसभरातलं काहीबाही सांगतात.

दात पुन्हा दाखवले मार्चमध्ये. दोन्ही डाग तेवढेच आहेत, वाढले नाहीत, फ्लोराइडचं वार्निश लावून दिलंय, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. अण्णांची बीपीची वही मी बघते, डिसेंबरातले आकडे आणि आत्ताचे जवळजवळ सारखेच आहेत, डॉक्टरांनी गोळी तीच ठेवलीय. परवा चारला कप देताना मी त्यांना म्हटलं, "अण्णा, आकडे काही हलले नाहीत हो, नको असेल तर बंद करू या." त्यांनी कप हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "राहू दे. आता तुरटच आवडायला लागलंय."